अडलं की कोणाला विचारता?

चाकण परिसरातल्या एखाद्या कारखान्याचं चित्र डोळ्यासमोर आणा. गाड्यांसाठी शाफ्ट आणि पिना बनवणारा, तीन पाळ्यांत चालणारा. कारखाना काल्पनिक आहे, पण तिथे जे घडतं ते ईआरपी बसवलेल्या कुठल्याही कारखान्यात घडू शकतं. महिन्याची पहिली तारीख आहे. गेटवर सळयांनी भरलेला ट्रक सकाळी सातपासून उभा आहे. काल संध्याकाळपर्यंत माल आला की स्टोअरकीपर रजिस्टरात नोंद करायचा, चलनावर सही ठोकायचा आणि ट्रक मोकळा व्हायचा. आज रजिस्टर बंद आहे. नोंद संगणकातच व्हायला हवी आणि पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ उमटली आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ज्यांनी ही प्रणाली बसवली ते सल्लागार हॉटेलातून निघालेत, नऊपर्यंत पोहोचतील.

अशा वेळी स्टोअरमधला माणूस हेल्पडेस्कला फोन लावत नाही. शेजारच्या टेबलावरच्या, कायम ज्याला विचारायची सवय आहे त्या माणसाकडे वळतो. ईआरपीच्या भाषेत त्या शेजारच्या माणसाला ‘सुपर यूजर’ म्हणतात, काही कंपन्यांत ‘की यूजर’. तो आयटी विभागाचा नसतो आणि सल्लागार कंपनीचाही नसतो. तो स्टोअरचा, खरेदीचा, उत्पादनाचा किंवा हिशेब खात्याचाच माणूस असतो. प्रणाली उभी राहत असताना त्याला तिच्यात मुरवलेलं असतं, म्हणजे सुरुवातीच्या दिवशी आणि नंतरही आपल्या विभागाचा तिढा तो जागेवर सोडवू शकेल.

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब या सगळ्यांची एकच सामाईक वही. सॅप, ओरॅकल ही त्यातली मोठी नावं. वही एकच असल्यामुळे गेटवरची एक चुकीची नोंद त्याच क्षणी हिशेबातही चुकते आणि उद्याच्या उत्पादनाच्या नियोजनातही. हीच तिची ताकद आणि हाच तिचा धोका.

हा धोका किती मोठा होऊ शकतो, याचं बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचं आहे. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून तिने सॅप आणि तिच्या जोडीला आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर घेतली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं. एप्रिल १९९९ मध्ये सुरू व्हायची प्रणाली जुलैमध्ये सुरू झाली आणि नेमक्या तेव्हाच हॅलोविनच्या सणाच्या ऑर्डरी येऊ लागल्या होत्या. सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेवर दुकानांत पोहोचला नाही. त्या तिमाहीत कंपनीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. विशेष म्हणजे चॉकलेट तयार होतं, ते गोदामात पडून होतं.

या फजितीची कारणं अनेक होती. घाई तर होतीच. पण त्या वेळच्या चिकित्सेत सांगितलं गेलेलं एक कारण इथे महत्त्वाचं आहे. सणाआधी माल साठू लागला की हर्शीचे लोक तो मिळेल त्या जागेत ठेवत: कारखान्यातल्या रिकाम्या खोल्या, तात्पुरत्या भाड्याने घेतलेल्या जागा. कुठे काय ठेवलंय हे गोदामातल्या माणसांना पाठ होतं. नव्या प्रणालीला मात्र साठ्याची जागा म्हणून जे नोंदवलं असेल तेवढंच दिसतं. या अनौपचारिक जागा तिच्यात नीट आल्याच नाहीत.

सुपर यूजर लागतो तो इथे. संगणक वेगाने चालवणारा माणूस कंपनीला भरपूर मिळतो. जे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही पण ज्यावर रोजचं काम चालतं, ते वेळेवर बोलून दाखवणारा माणूस मात्र दुर्मीळ असतो.

आपल्या चाकणच्या कारखान्यात ही न लिहिलेली गोष्ट म्हणजे सळई. तिथे २० मिलिमीटर व्यासाची, सहा मीटर लांबीची गोल सळई येते. खरेदी किलोवर होते, कारण बिल वजनकाट्याच्या पावतीवर निघतं. उत्पादनाला मात्र ती नगावर दिली जाते: आज यंत्र क्रमांक चारला दहा सळया. लोखंडाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला वजनाचं सूत्र तोंडपाठ असतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. २० चा वर्ग ४००, भागिले १६२, आले २.४७ किलो. सहा मीटरची सळई झाली १४.८ किलोची. सल्लागाराने हाच आकडा प्रणालीत बसवला: एक नग बरोबर १४.८ किलो.

चाचणीही झाली. ५० सळया आल्या, ७४० किलो जमा झाले, ५० सळया उत्पादनाला दिल्या, शिल्लक शून्य. पडद्यावर सगळं हिरवं. चाचणी उत्तीर्ण.

पण चाचणीतले आकडे सल्लागाराने स्वतःच लिहिले होते, म्हणून ते इतके गुळगुळीत जुळले. स्टोअरमधल्या जुन्या माणसाने मागच्या महिन्याची खरी काटापावती आणली. तीवर ५० सळयांचं वजन होतं ७५२ किलो. तो म्हणाला, “साहेब, या पार्टीची सळई सहा मीटरला नेहमी चार बोटं जास्तच येते.” आता हेच आकडे भरा. ७५२ किलो जमा झाले, ५० सळया दिल्यावर ७४० वजा झाले. रॅक रिकामी आहे आणि प्रणालीत १२ किलो सळई शिल्लक आहे, जी जगात कुठेच नाही.

महिन्यात असे २५ लॉट आले तर ३०० किलो, म्हणजे सुमारे २० सळयांचं भूत तयार होतं. हिशेबाच्या दृष्टीने रक्कम फार मोठी नाही. पण नियोजनाचा प्रोग्रॅम साठा बघून खरेदी सुचवतो. त्याला २० सळया ‘आहेत’ असं दिसतं, म्हणून तो तेवढ्या कमी मागवतो. महिनाअखेरीस यंत्र थांबतं तेव्हा खरेदीवाला म्हणतो, “प्रणालीने सांगितलं तेवढंच मागवलं,” आणि स्टोअरवाला म्हणतो, “माझ्याकडे माल नाही.” दोघंही खरं बोलत असतात.

यावरचा उपाय अवघड नाही. प्रत्येक लॉटला स्वतंत्र बॅच नंबर द्यायचा आणि माल जमा करतानाच किलो व नग दोन्ही भरायचे. मग त्या बॅचपुरतं प्रमाण ७५२ भागिले ५०, म्हणजे १५.०४ किलोला एक नग असं ठरतं. सॅपमध्ये बॅचनिहाय वेगळं प्रमाण ठेवण्याची सोय आहे. त्याची किंमत एवढीच, की गेटवर सळया मोजाव्या लागतात आणि देताना कुठल्या बॅचमधून दिल्या ते निवडावं लागतं. ही किंमत परवडणारी आहे की नाही हेही स्टोअरचा माणूसच सांगू शकतो, सल्लागार नाही. आणि हे प्रणाली सुरू होण्याआधी कळणं गरजेचं असतं. एकदा माल जमा होऊन व्यवहार सुरू झाले की मोजण्याचं एकक बदलणं हे मोठं जिकिरीचं काम होऊन बसतं.

असा माणूस निवडायचा कसा? इथेच बहुतेक कंपन्या पहिली चूक करतात. प्रकल्प सुरू होताना विभागप्रमुखाला पत्र जातं, ‘एक माणूस द्या.’ साहेब आजूबाजूला बघतात आणि ज्याच्यावाचून काम अडणार नाही असा माणूस देतात. कधी तो नवा भरती झालेला असतो, कधी नाराज होऊन कोपऱ्यात बसलेला. कधी ‘संगणक छान येतो’ एवढ्याच गुणावर तेवीस वर्षांच्या मुलाची निवड होते. मुलगा हुशार असतो, पण वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस अडला तरी त्याच्याकडे जात नाही. त्याला ते कमीपणाचं वाटतं.

निवडीची जास्त खात्रीची रीत अगदी साधी आहे. विभागातल्या प्रत्येकाला एकेकटं बोलावून एकच प्रश्न विचारायचा: “काम अडलं की तुम्ही कोणाला विचारता?” बारा जणांपैकी सात-आठ जण जे एक-दोन नावं घेतात, तेच उमेदवार. बहुतेक वेळा ते साहेबांच्या यादीत नसतात.

या प्रश्नामागे जुनं संशोधन आहे, आणि तेही शेतीतलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांशी त्यांनी बोलणं केलं. बियाण्याची पहिली माहिती सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचा निर्णय घेताना सर्वाधिक प्रभाव पडला तो शेजाऱ्यांचा. कारखान्यात सल्लागार हा तो बियाणं विकणारा असतो आणि सुपर यूजर हा बांधापलीकडचा शेजारी.

मात्र ज्याचं नाव सगळे घेतात तो प्रत्येक वेळी योग्य असतोच असं नाही. काही जाणकार माणसं माहिती मुठीत ठेवतात, कारण ‘माझ्याशिवाय इथे पान हलत नाही’ यातच त्यांचं वजन असतं. ओळखण्याची खूण एकच: तो रजेवर गेला की त्याचं काम दुसरा कोणी करू शकतो का? करू शकत असेल तर त्याने कोणाला तरी शिकवलेलं आहे. नसेल, तर प्रणाली शिकल्यावरही तो ती मुठीतच ठेवील. आणि जाणता माणूस संगणकाला बिचकत असेल तर त्याच्या जोडीला तो चपळ तेवीस वर्षांचा मुलगा द्यावा. दोघं मिळून एक उत्तम सुपर यूजर होतात.

किती माणसं लागतात? पंधरा-वीस वापरकर्त्यांमागे एक, असा ठोकताळा या क्षेत्रात सांगितला जातो. पण तो आंधळेपणाने लावला तर फसतो. १२० वापरकर्त्यांच्या कारखान्याला त्या हिशेबाने सहा-आठ जण पुरतात आणि स्टोअरच्या वाट्याला एकच येतो. स्टोअर मात्र तीन पाळ्यांत चालतं. रात्री अडीचला मालाचा ट्रक आला, तर पहिल्या पाळीचा सुपर यूजर घरी झोपलेला असतो. म्हणून माणसं मोजायची ती विभाग, पाळी आणि जागा धरून.

निवड झाल्यावरचा खरा भांडणाचा मुद्दा वेळेचा. प्रकल्पाच्या काळात सुपर यूजरचा साधारण अर्धा दिवस या कामात जातो, आणि चाचण्या व अखेरच्या आठवड्यांत जवळजवळ पूर्ण. कंपनी हे तोंडी मान्य करते, पण त्याचं रोजचं काम दुसऱ्या कोणाला देत नाही. मग दिवसभर चलनं, संध्याकाळी सहाला प्रशिक्षण, आणि महिन्याभरात तो बैठका टाळू लागतो. ‘आमच्या सुपर यूजरला रस नाही’ असा शेरा प्रकल्पाच्या अहवालात दिसला, तर आधी बघावं की त्याच्या जागी बदली माणूस दिला होता का.

प्रशिक्षणाचाही एक क्रम असतो. सुरुवात पडद्यापासून होत नाही, वहीच्या एकपणापासून होते. सळई जमा केली की हिशेबात काय होतं, नियोजनात काय होतं, बिल कशाशी जुळवलं जातं, हे स्टोअरच्या माणसाने हिशेबवाल्याच्या शेजारी बसून बघायचं. एरवी दोघं वीस वर्षं एकाच छताखाली असूनही एकमेकांचं काम बघत नाहीत. त्यानंतर सरावाच्या प्रणालीत हात बसवायचा, तोही आपल्याच कारखान्याच्या मालावर, आपल्याच पुरवठादारांच्या नावांवर. सल्लागाराच्या नमुन्यातल्या ‘मटेरियल ए’ आणि ‘व्हेंडर एक्स’ने कोणाचाच हात बसत नाही.

सर्वात मोलाचा भाग तिसरा, चुकांचा सराव. सरळ व्यवहार कोणीही शिकतो. सॅपच्या MIGO या पडद्यावर ऑर्डरचा नंबर टाकून, 101 हा हालचालीचा प्रकार निवडून माल जमा करणं अर्ध्या तासात जमतं. पण ऑर्डर ५० ची आणि माल ५३ आला तर? चुकीच्या ऑर्डरवर जमा झाला तर? तो 102 ने उलटवायचा, पण तोवर बिल जुळवून झालं असेल तर? मागच्या महिन्याचं चलन आज सापडलं आणि तो महिना बंद झाला असेल तर? अशी पंधरा-वीस प्रकरणं सुपर यूजरने स्वतःच्या आठवणीतून लिहून काढावीत आणि सरावात प्रत्येक मुद्दाम बिघडवून पुन्हा सरळ करावं. पुढे पहिल्या आठवड्यात समोर येणार ती हीच असतात.

मग विभागातल्या बाकीच्यांना शिकवायचं काम सुपर यूजरकडे येतं. हे सुरुवातीच्या दिवसाआधी दोन-तीन आठवड्यांत व्हावं. तीन महिने आधी शिकवलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. सूचना मराठीत, एका पानावर, पडद्याच्या चित्रांसह असाव्यात आणि कारखान्यातलेच शब्द वापरावेत. इथे ‘इन्वर्ड’ म्हणत असतील तर ‘इन्वर्ड’च लिहावं.

एक गैरसमज मात्र वेळीच दूर करायला हवा, आणि त्याला नावच कारणीभूत आहे. संगणकाच्या जगात सुपर यूजर म्हणजे सर्वाधिकार असलेला खातेदार. ईआरपीतल्या सुपर यूजरला असे अधिकार मुळीच देऊ नयेत. त्याला इतर विभागांचे व्यवहार बघता यावेत, नोंद मात्र आपल्याच विभागाची करता यावी. जो माल जमा करतो त्यालाच बिल मंजूर करता आलं, तर न आलेल्या मालाचं बिलही निघू शकतं. सुरुवातीच्या गोंधळात ‘तुझा पासवर्ड दे, पटकन करून टाकतो’ हे सर्रास चालतं. महिन्याभरात निम्म्या स्टोअरच्या नोंदी एकाच्याच नावावर दिसतात आणि चूक कोणाची ते शोधता येत नाही. अधिकार नसल्याचा संदेश आला तर त्याने अडलेल्या माणसाला /nSU53 टाइप करायला सांगावं. नेमका कोणता अधिकार कमी पडला ते त्या पडद्यावर दिसतं. त्याचं चित्र आयटीला पाठवलं की काम होतं, पासवर्ड वाटावा लागत नाही.

आता पुन्हा पहिल्या तारखेच्या सकाळकडे येऊ. ट्रक अखेर मोकळा झाला आहे. दहा वाजता उत्पादनातून फोन येतो, “रॅकवर सळई दिसतेय, पण देताना प्रणाली नाही म्हणते.” पडद्यावर ओळ असते: Deficit of SL Unrestricted-use. म्हणजे त्या साठवणजागेत वापरायला मोकळा माल शिल्लक नाही. सुपर यूजर आधी रॅककडे जात नाही. MMBE उघडून साठा कुठल्या रकान्यात पडला आहे ते बघतो. माल दर्जा तपासणीच्या रकान्यात असेल तर तपासणी खात्याला फोन करतो. दुसऱ्याच साठवणजागेत जमा झाला असेल तर बदली नोंद करायला सांगतो. कुठेच नसेल तर माल आला आहे पण जमाच झालेला नाही. तीन शक्यता, तीन वेगळे उपाय आणि एकाही ठिकाणी सॉफ्टवेअरची चूक नाही.

सुरुवातीनंतरच्या चार-सहा आठवड्यांच्या विशेष देखरेखीच्या काळात सुपर यूजरचं मुख्य काम हीच निवड असते. आलेली तक्रार शिकण्यातली उणीव आहे, माहितीतली चूक आहे, अधिकाराची अडचण आहे की खरा बिघाड, हे तो ठरवतो. शेवटचा प्रकार तेवढा सल्लागाराकडे जातो. तो रोज संध्याकाळी यादीही बघतो. एकाच प्रकारची तक्रार पाच जणांकडून आली तर पाच उत्तरं देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून समजावतो.

घडी बसली की नाही याच्या काही खुणा अहवालात सापडत नाहीत, जमिनीवर दिसतात. गेटवरची नोंद आणि माल जमा झाल्याची नोंद यांतलं अंतर दोन तासांवरून दोन दिवसांवर गेलं, तर लोक नोंदी साठवून एकदम भरत आहेत. 102 च्या उलट नोंदी तिसऱ्या महिन्यातही कमी झाल्या नाहीत, तर कुठला तरी टप्पा कोणाला समजलेलाच नाही. आणि टेबलाच्या खणात जुनं रजिस्टर किंवा खासगी एक्सेल शीट चालू असेल, तर त्या माणसाचा प्रणालीतल्या साठ्यावर विश्वास नाही. अशा वेळी रजिस्टर जप्त करणारा साहेब आणि ‘यात तुम्ही काय लिहिता, जे तिथे मिळत नाही?’ असं विचारणारा सुपर यूजर यांना मिळणारी माहिती अगदी वेगळी असते.

पुढे ही भूमिका बिघडते ती दोन रीतींनी. एक म्हणजे तो विभागाचा कायमचा टायपिस्ट होतो. ‘तूच भर, तुला लवकर जमतं,’ आणि बाकीचे कधी शिकतच नाहीत. दुसरी म्हणजे तो नोकरी सोडतो. ईआरपी बसवण्याचा अनुभव असलेल्या माणसाला बाजारात मागणी असते आणि आपल्या कंपनीने मात्र प्रकल्प संपल्यावर त्याला जुन्याच पगारावर, जुन्याच टेबलावर परत पाठवलेलं असतं. म्हणून जाणत्या कंपन्या हे काम त्याच्या वार्षिक मूल्यमापनात लिहितात, आठवड्याचे काही तास त्यासाठी राखून ठेवतात आणि प्रत्येकाच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करतात.

हर्शीच्या गोष्टीला एक उत्तरार्धही आहे. त्याच कंपनीने २००२ मध्ये सॅपची नवी आवृत्ती बसवली. अकरा महिन्यांत आणि ठरल्यापेक्षा वीस टक्के कमी खर्चात. या वेळी चाचण्या आणि प्रशिक्षण यांना पुरेसा वेळ दिला होता.

आज अशाच टप्प्यावर अनेक भारतीय कारखाने आहेत. सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांना मिळणारा मुख्य आधार २०२७ अखेर संपतो आहे आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांना एस-फोर-हाना किंवा दुसरं काही निवडायचं आहे. पुन्हा चाचण्या होतील, पुन्हा कोणी तरी नमुन्याचे गुळगुळीत आकडे भरील. चाकणच्या त्या काल्पनिक स्टोअरमध्ये सुपर यूजरच्या फाइलमध्ये चाचणीच्या प्रकरणांची यादी आहे. तिच्यातल्या पहिल्या ओळीला एक पिवळट काटापावती टाचलेली आहे: ५० नग, ७५२ किलो.